सोसायटीची तुंबलेली ड्रेनेज लाइन: जेटिंग आणि कॅमेऱ्याचा दहा महिन्यांचा अनुभव

आमची सोसायटी विलेपार्ले पूर्वेला आहे. इमारत 1974 ची, तळमजला अधिक तीन मजले. मागच्या चेंबरपासून गेटजवळच्या शेवटच्या चेंबरपर्यंत 24 मीटरची जमिनीखालची लाइन आहे आणि तिथून पाणी रस्त्यावरच्या महापालिकेच्या मॅनहोलमध्ये जातं. दोन वर्षं ही लाइन दर तीन-चार आठवड्यांनी तुंबायची. तळमजल्याच्या काकूंच्या न्हाणीत पाणी वर यायचं, मग बांबूच्या पट्ट्या घेऊन माणसं यायची, तासाभरात पाणी जायचं आणि सगळे विसरायचे. पट्टी चोकअपच्या मधून फक्त एक भोक पाडते. पाइपच्या कडेला बसलेला तुपकट थर आणि आत शिरलेली मुळं तशीच राहतात, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या ऑक्टोबरात पहिल्या कंत्राटदाराने लाइन न धुताच कॅमेरा घातला. व्हिडिओत राखाडी पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण बिल पूर्ण लागलं. तेव्हा हे आधीच सांगतो: आधी जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याने लाइन आतून धुणं, मग कॅमेरा. भिंग पाण्यात बुडालेलं असेल तर पाइपची अवस्था कोणालाच वाचता येत नाही.

नोव्हेंबरात दुसऱ्या माणसांनी काम नीट केलं. होज गेटच्या चेंबरमधून, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूने, आत सोडला. नोझलची बरीचशी भोकं मागच्या दिशेला असतात. त्यातून सुटणारं पाणी होजला पुढे ओढतं, आणि होज मागे घेताना घाण खालच्या चेंबरकडे वाहून आणतं. चेंबरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला त्यांनी जाळी लावली होती, नाहीतर आमची घाण महापालिकेच्या लाइनीत जाऊन बसली असती. त्यांच्यातला एक जण गाळ काढायला चेंबरात उतरू लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. माणसाला गटारात उतरवून सफाई करून घ्यायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याचा प्रश्न आहेच, पण साडेचार फुटांच्या चेंबरातही वायूने माणूस पडू शकतो. गाळ मग लांब दांड्याच्या फावड्याने आणि बादलीने वर काढला.

गेजवर 120 बारच्या आसपास दाब होता. आधी पांढरट चरबीच्या वड्या आल्या, मग केसांसारखा गुंता झालेल्या मुळांची भलीमोठी जुडी आली. अर्ध्या तासाने पाणी स्वच्छ व्हायला हवं होतं, पण ते पिवळसर होत गेलं. मशीन चालवणाऱ्या मुलाने लगेच दाब कमी केला आणि म्हणाला, "काका, मुरूम येतोय. आता जास्त मारलं तर जमीन खाईल." तेवढ्यात बादलीत तळहाताएवढी खापरी आली. एका बाजूला तपकिरी चकचकीत ग्लेझ, दुसऱ्या बाजूला खरखरीत भाजलेली माती, आणि कड इतकी धारदार की हातमोजा कापला गेला. म्हणजे आमचा स्टोनवेअर पाइप कुठेतरी फुटला होता. घरातली घाण संपते, बाहेरची माती संपत नाही. धुतल्यावरही माती येतच राहिली तर पाइप उघडा पडला आहे असं समजावं आणि तिथे नोझल रेंगाळू देऊ नये, कारण जोराचं पाणी पाइपाबाहेरची माती धुऊन फरशीखाली पोकळी करतं.

मग कॅमेरा गेला. शून्य गेटच्या चेंबरच्या आतल्या कडेला धरलं आणि ते मी वहीत लिहून घेतलं. शून्य कुठे धरलं हे माहीत नसेल तर स्क्रीनवरच्या मीटरवरून खणायची जागा चुकते. आमच्याकडचे पाइप साधारण 60 सेंटीमीटरचे तुकडे आहेत, ताग बसवून सिमेंटने जोडलेले. म्हणजे 24 मीटरमध्ये सुमारे 40 जॉइंट! स्क्रीनवर एकेक जॉइंट कड्यासारखा सरकत जातो. दोषाची जागा घड्याळाच्या काट्यावरून सांगतात. 8.4 मीटरवर 11 ते 2 वाजण्याच्या जागी, म्हणजे पाइपच्या माथ्यावर, मोठं भगदाड होतं आणि त्यातून मुरूम दिसत होता. 15.2 मीटरवर 12 वाजता, मागच्या भिंतीतल्या पिंपळाच्या बाजूला, जॉइंटमधून मुळांची शेपटी लोंबत होती.

सगळ्यात महत्त्वाचं होतं 8.5 ते 11.5 मीटरमधलं. इथे पाणी हळूहळू वाढत पाइपच्या अर्ध्यापर्यंत आलं, भिंग अर्धं बुडालं आणि पुढे पाणी परत कमी झालं. कोणी म्हणालं, अजून चोकअप आहे. आम्ही वरच्या सगळ्या मजल्यांना दहा मिनिटं पाणी वापरू नका असं सांगितलं. खालची बाजू पूर्ण मोकळी होती, तरी पाणी तसूभर हललं नाही. म्हणजे चोकअप नव्हता, पाइप बसला होता. भगदाडातून माती वाहून गेली आणि आधार सुटून शेजारचे तुकडे खचले. त्या खोलगट भागात चरबी साचायची आणि आम्ही दर महिन्याला तिच्यावर पैसे घालायचो. अशा खचलेल्या भागाला जेटिंगने उतार मिळत नाही. कितीही जोर लावा, पाणी तिथेच उभं राहणार.

कॅमेऱ्याच्या डोक्यातून सिग्नल निघतो. वरून रिसीव्हर फिरवून त्यांनी फरशीवर खडूने खूण केली. खूण बरोबर तिथे पडली, जिथे आमचा पाण्याचा टँकर येऊन उभा राहतो. पाइप जेमतेम 90 सेंटीमीटर खोल आहे.

डिसेंबरात फक्त 5 मीटर खणलं. फरशीखाली हात जाईल एवढी पोकळी निघाली. टँकर अजून वर्षभर तिथे उभा राहिला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो. तळाला काँक्रीट घालून 160 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकला. गवंड्याने पारदर्शक नळीतल्या पाण्याने लेव्हल घेतली. 60 ला 1 हा उतार धरला तर 5 मीटरला सव्वाआठ सेंटीमीटर खाली जायला हवं. पहिल्यांदा साडेपाच आले, म्हणून पाइप उचलून पुन्हा बसवायला लावला. गवंडी चिडला, पण सेक्रेटरी या नात्याने माझा आग्रह होता आणि तो योग्यच होता.

आता सप्टेंबर आहे. पूर्ण पावसाळ्यात काकूंच्या न्हाणीत एकदाही पाणी वर आलं नाही. टँकर आता गेटबाहेरून पाइप लावून पाणी देतो.

एक काम मात्र बाकी आहे. 15.2 मीटरचा जॉइंट पैशांअभावी तसाच ठेवला होता. मेमध्ये पुन्हा कॅमेरा घातला, तेव्हा तिथे बोटभर लांबीची पांढरी, कोवळी मुळं परत दिसली. नोझल मुळं कापतं, पण पिंपळ जिवंत असतो आणि जॉइंटची फटही तशीच असते. मेमध्येच तेवढ्या भागाचं जेटिंग करून घेतलं. तो जॉइंट खणून बदलायचा ठराव पुढच्या सभेत मांडणार आहे, दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून.