आत्याचा गुडघा: रेकी की फिजिओथेरपी?

दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याला गुडघ्यासाठी दोन सल्ले मिळाले. रेकीवाल्या बाई तासभर हात ठेवून बसतात. प्राणशक्ती तळहातांतून वाहते, असं सांगतात. आत्याला तिथे छान डुलकी लागते. ऊबदार हात, शांत खोली, लागणारच!

पण अशी ऊर्जा हाताला खरंच जाणवते का? अमेरिकेत नऊ वर्षांच्या एमिली रोझाने ‘थेरप्युटिक टच’ या रेकीसारख्याच पद्धतीच्या २१ उपचारकांना पडद्याआड हात ठेवायला लावले. तिने आपला हात न टेकवता त्यांच्या कोणत्या हाताच्या वर धरलाय, एवढंच ओळखायचं. १९९८ मध्ये निष्कर्ष छापले गेले: २८० प्रयत्नांत बरोबर उत्तरं ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.

फिजिओथेरपी मात्र कंटाळवाणी. पाय लांब करून मांडी पाच सेकंद आवळायची, दहादा, रोज. पण मांडी बळकट झाली की गुडघ्याला आधार मिळतो, आणि तो फरक जिन्यावर मोजता येतो.

“रेकीनंतर किती पायऱ्या चढतेस?”

“तेवढ्याच रे. झोप मात्र मस्त लागते.”

मग झोपेसाठी जा म्हटलं, पण व्यायाम सोडू नकोस. आणि गुडघा लाल, गरम होऊन सुजला, तर दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टर.