चूक दुरुस्त करायची तर आधी माफी की आधी माहिती? दोन स्क्रिप्ट, एकच चूक

विजयदुर्ग किल्ल्यावर, ग्रहण बघायला बांधलेल्या साहेबाच्या कट्ट्यांपाशी उभा राहून मी एका क्लिपमध्ये ठासून सांगितलं होतं, "18 ऑगस्ट 1868 ला लॉकयरसाहेबानं इथूनच हेलियम शोधला." आमच्या देवगड तालुक्यात हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे तपासायचं डोक्यातच आलं नाही. तारीख खरी, कट्टे खरे, साहेबही खरा. चुकली ती तिघांची सांगड. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण झालं, पण इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गाला आले 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी.

दुरुस्तीसाठी मी दोन मसुदे लिहिले. तुम्हालाही असा व्हिडिओ करायची वेळ आली असेल, तर दोन्ही बघा.

पहिला असा सुरू होतो:

"मंडळी, आज जरा जड मनानं बोलतोय. मागच्या क्लिपमध्ये मी म्हणालो होतो की लॉकयर यांनी 1868 ला विजयदुर्गावरून हेलियम शोधला. खूप जणांना ती क्लिप आवडली. पण नंतर वाचताना कळलं की..."

दुसरा:

"1868 च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर विजयदुर्गावर नव्हते, इंग्लंडमध्ये होते. माझ्या क्लिपमध्ये मी उलट सांगितलं, ती माझी चूक. ते इथे आले 1898 ला. दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली."

पहिला मसुदा वाचायला गोड आहे, माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. पण त्याच्या पहिल्या दहा सेकंदांत ऐकणाऱ्याला काय मिळतं? चुकीचंच वाक्य, तेही पुन्हा एकदा, माझ्याच तोंडून. खरी गोष्ट "पण"नंतर येते, आणि तोवर अंगठा पुढच्या रीलवर गेलेला असतो. कुणी तेवढाच तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरवला, तर माझी दुरुस्तीच चुकीचा प्रचार करणार. दुसऱ्यात हा धोका कमी, कारण तो कुठेही तोडला तरी खरं वाक्य आधी येऊन गेलेलं असतं. चूक त्यात एकदाच येते, तीही "चूक" हा शब्द सोबत घेऊन.

दुसऱ्यातली शेवटची दोन वाक्यं मात्र मला सगळ्यात मोलाची वाटतात. नुसतं "ते खरं नाही" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात खड्डा पडतो: मग साहेबाचं नाव इथे आलं कुठून? उत्तर मिळालं नाही, तर जुनी गोष्टच त्या खड्ड्यात परत येऊन बसते. "1898 ला आले होते" म्हटलं की नावाचा धागा जुळतो आणि जुनी गोष्ट सोडायला सोपी जाते.

इथे एका जागी मी घसरणार होतो. घाईघाईत लिहून टाकलं होतं, "हेलियम शोधला तो जानसेन यांनी, गुंटूरला." हीही अर्धवटच गोष्ट. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन यांनी त्या ग्रहणात गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला हे खरं. पण त्यातली पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, सोडियमची नाही, हे उलगडलं त्यानंतर लॉकयर यांनी इंग्लंडमधून केलेल्या निरीक्षणांतून. प्रत्यक्ष वायू पृथ्वीवर हाती लागला 1895 ला, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांच्या प्रयोगशाळेत. म्हणून ते वाक्य काढलं. जेवढं चुकलं तेवढंच दुरुस्त करायचं. एका चुकीच्या जागी दुसरं सोपं वाक्य बसवलं, तर पुढच्या महिन्यात पुन्हा कॅमेऱ्यासमोर!

पहिला मसुदा अगदीच टाकाऊ नाही. वीस मिनिटांचा व्हिडिओ असेल आणि नेहमीचे प्रेक्षक असतील, तर चूक कशी झाली याची गोष्ट सांगायला तो बरा. फक्त खरं वाक्य उचलून वर आणा आणि "जड मनानं" खोडा. माफीवर रेंगाळलं की विषय हेलियम राहत नाही, मी होतो. आजोबांना दोन्ही वाचून दाखवले तर पहिल्याला म्हणाले, "अरे, चुकलंय म्हण आणि मोकळो हो!"

एक तांत्रिक बाब: बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. जुन्या क्लिपचा तुकडा दाखवायचाच तर त्यावर पूर्ण वेळ "चूक" अशी ठळक पट्टी हवी, आणि योग्य साल पडद्यावर लिहिलेलं हवं. मी तुकडा दाखवलाच नाही.

शेवटी दुसरा मसुदा घेतला, पंचवीस सेकंदांचा. कट्ट्यांपाशीच उभं राहून बोललो, पडद्यावर "1868: लॉकयर इंग्लंडमध्ये, 1898: लॉकयर विजयदुर्गाला". वाऱ्यामुळे माईकवर फडफड आली म्हणून तीन वेळा घ्यावा लागला.