साधा गुणक की आयएस-एलएम? हातात कोणती चौकट घ्यावी

फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की सरकार एवढे कोटी जादा खर्च करणार, मग राष्ट्रीय उत्पन्न किती वाढणार, हा हिशेब सगळेच मांडू लागतात. शिकवणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला त्यासाठी एक चौकट धरावी लागते. एकीकडे पंचेचाळीस अंशांच्या आकृतीतला साधा गुणक, दुसरीकडे आयएस-एलएम. मी संध्याकाळच्या वर्गात बरीच वर्षं पहिली वापरली, आता दुसरी वापरतो. दोन्हींची ओळख तुम्हाला असणार असं धरून चालतो.

आकडे घेऊन बोलू, म्हणजे फरक कुठे पडतो ते दिसेल. एक बंद अर्थव्यवस्था घ्या, आयात-निर्यात नाही आणि किमती स्थिर. उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयाचे 25 पैसे करात जातात. उरलेल्या 75 पैशांतले 80 टक्के, म्हणजे 60 पैसे, लोक खर्च करतात. सरकारी खर्च 200 आहे, आणि व्याजदर जितका चढेल तितकी खासगी गुंतवणूक आखडते:

```
C = 100 + 0.6Y
I = 300 - 20r
G = 200
```

व्याजदर 6 टक्के असेल तर उत्पन्न 1200 येतं. आता सरकारने खर्च 40 ने वाढवला. साधा गुणक सांगतो की पहिल्या फेरीत 40, दुसरीत 24, तिसरीत 14.4, असं करत एकूण 100 ची भर पडते. गुणक 2.5 आणि उत्पन्न 1300. सुटसुटीत आहे, फळ्यावर पाच मिनिटांत होतं, आणि कर व बचत यांची गळती पोरांना बोटाने दाखवता येते. या बाबतीत त्याला तोड नाही.

माझं बिनसलं ते एका प्रश्नावर. 2011 ची गोष्ट. वर्गात इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांची मुलगी होती. ती म्हणाली, "सर, कर्ज महागलं म्हणून बाबांनी नवे माग घ्यायचं पुढे ढकललं. ते या आकृतीत कुठे दिसतं?" मी आकृतीकडे पाहिलं. कुठेच दिसत नव्हतं. व्याजदर मी सुरुवातीला 6 वर ठेवला होता आणि मग त्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. सरकारने 40 कुठून आणले, कोणाच्या पुढे जाऊन कर्ज उचललं, हे ती आकृती विचारतच नाही. मंदी असो की तेजी, तिचं उत्तर 2.5 च. एकदा ते खुपायला लागल्यावर मला ती पूर्वीच्या विश्वासाने काढता येईना.

तोच हिशेब आयएस-एलएममध्ये करून बघा. पैशाची मागणी उत्पन्नाबरोबर वाढते आणि व्याजदराबरोबर घटते. पुरवठा 180 वर बांधलेला आहे:

```
180 = 0.2Y - 10r
```

खर्च वाढण्याआधी इथेही व्याजदर 6 आणि उत्पन्न 1200 च. खर्च 40 ने वाढला की उत्पन्न वर सरकतं, व्यवहारांना जास्त पैसा लागतो, पण पैसा तेवढाच आहे. मग व्याजदर चढतो. समीकरणं सोडवली की व्याजदर 7 आणि उत्पन्न 1250 येतं. खासगी गुंतवणूक 180 वरून 160 वर उतरली. ते गेलेले 20 म्हणजे त्या मुलीच्या बाबांचे माग. सरकारचे 40 आले, गुंतवणुकीचे 20 गेले, लोकांचा खर्च 30 ने वाढला, निव्वळ भर 50. गुणक निम्म्यावर, 1.25 वर आला. क्राउडिंग आउट म्हणतात ते हेच. सरकारी खर्च वाया गेला असं नाही, त्याने थोडी जागा रिकामी करायला लावली, एवढंच.

आयएस-एलएमचीही एक खोड आहे, ती लपवत नाही. पैशाचा पुरवठा बांधलेला असतो हे गृहीतक आता जुनं झालं. रिझर्व्ह बँक रेपो दर जाहीर करते आणि त्या दराला लागेल तेवढा पैसा बाजारात ठेवते. आपल्या उदाहरणात तिने दर 6 वरच राखायचं ठरवलं, तर पुरवठा 180 वरून 200 करावा लागेल. तसं केलं की उत्पन्न 1300, गुणक पुन्हा 2.5. म्हणजे साधा गुणक हा आयएस-एलएमचाच एक खास प्रसंग ठरतो: मध्यवर्ती बँकेने व्याजदर हलू दिला नाही तर. हे कळल्यावर मी एलएम रेषा आडवीच काढू लागलो आणि बँकेने दर बदलला की ती तेवढी वर किंवा खाली सरकवतो. मला वाटतं, हे ज्याच्या त्याच्या सोयीवर आहे, पण करून बघा.

आपल्याकडचे दोन प्रसंग शेजारी ठेवले की याचा उपयोग दिसतो. 2008-09 मध्ये केंद्राची राजकोषीय तूट जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेली. त्याच काळात, ऑक्टोबर 2008 ते एप्रिल 2009 मध्ये, रेपो दर 9 वरून 4.75 टक्क्यांवर आला. खर्च वाढतोय आणि पैसाही स्वस्त होतोय, तेव्हा क्राउडिंग आउटला वावच कमी. पुढे महागाई चढली आणि मार्च 2010 पासून ऑक्टोबर 2011 पर्यंत दर चढत 8.5 टक्क्यांवर गेला. तूट होतीच, पण तिच्याबरोबर आता महाग कर्ज होतं. दरवाढीचा सगळा दोष सरकारी खर्चावर टाकता येत नाही, अन्नधान्य आणि तेलही महागलं होतं. तरीही 2009 आणि 2011 ला 2.5 चा एकच गुणक लावणं मला तरी पटत नाही. 2020-21 मध्ये तर तूट 9.2 टक्क्यांवर गेली तरी रेपो 4 टक्क्यांवर होता आणि रिझर्व्ह बँक स्वतः सरकारी रोखे विकत घेत होती.

एक चूक मी स्वतः केली आहे म्हणून सांगतो. व्याजदर चढला म्हणजे क्राउडिंग आउट झालंच, असं नसतं. खर्चामुळे मागणी वाढली आणि कारखानदारांनाच जास्त यंत्रं हवीशी झाली, तरी व्याजदर चढतो. अशा वेळी खासगी गुंतवणूकही चढत असते. म्हणून नुसत्या दराकडे बघू नका, त्याच्या जोडीला गुंतवणूक आणि उद्योगांना मिळणारं बँककर्ज कुठे चाललंय ते बघा. दर वर आणि गुंतवणूक खाली, तर संशय घ्यायला जागा आहे.

मग साधा गुणक टाकून द्यायचा का? नाही. दोन गुणांच्या गणिताला तो पुरतो, आणि खोल मंदीत त्याचं उत्तर फारसं चुकत नाही. आणखी एका ठिकाणी मी तो आजही आधी काढतो, राज्याच्या अर्थसंकल्पाला. महाराष्ट्राने रस्त्यांवर जादा खर्च केला म्हणून रिझर्व्ह बँक रेपो हलवत नाही, त्यामुळे व्याजदर स्थिर धरणं तिथे बऱ्यापैकी चालतं. पण तिथे वर घेतलेलं 'आयात-निर्यात नाही' हे गृहीतक मात्र टिकत नाही. सिमेंट कर्नाटकातून आलं, मजूर बिहारचे असले आणि त्यांनी पैसे घरी पाठवले, तर ती सगळी गळतीच. 60 पैशांतले 20 पैसे असे राज्याबाहेर गेले, तर गुणक 2.5 वरून 1.67 वर येतो, व्याजदर जराही न हलता.