पगारकपात की बिनपगारी रजा? सही करण्याआधीचा हिशेब

मंदी आली की कंपनीकडून साधारण दोनच कागद समोर येतात. एकावर लिहिलेलं असतं की पुढचे काही महिने पगार कमी घ्या. दुसऱ्यावर असतं की काही आठवडे घरी बसा, पगार मिळणार नाही. ‘दोन्हीपैकी काहीतरी निवडा, परवापर्यंत सही करून द्या’ असा निरोप येतो आणि माणूस फक्त हातात किती येणार एवढंच मोजतो. मला वाटतं, त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: मी सही केली नाही, तर यातलं काय कंपनीला करता येतं?

आधी पगारकपात. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला एक जुना नियम तिच्यातही आहे: कामगाराचं वेतन किंवा भत्ते त्याच्या तोट्याचे ठरतील असे बदलायचे असतील, तर मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावं लागतं. कायदा इथे प्रत्येक कामगाराची संमती मागत नाही, पण कपातीला मोकळीकही देत नाही. त्या २१ दिवसांत युनियनने किंवा कामगारांनी हरकत घेऊन वाद समेट अधिकाऱ्यापुढे नेला, तर तो तिथे चालू असेपर्यंत वादातल्या सेवाशर्ती मालकाला परस्पर बदलता येत नाहीत. म्हणून नोटीस न देता, पंधरा तारखेला ई-मेल पाठवून त्याच महिन्यापासून केलेली कपात कायद्यात टिकायला कठीण असते. आणि नोटीस दिली तरी पगार किमान वेतनाच्या खाली नेता येत नाही. त्याला तुमची सहीसुद्धा चालत नाही.

आता बिनपगारी रजा. मालकाने एकतर्फी लादलेली बिनपगारी रजा असा प्रकार कायद्यात नाही. मस्टरवर नाव असलेल्या कामगाराला मालक काम देऊ शकत नसेल, तर त्याला ले-ऑफ म्हणतात. त्याची कारणं कायद्यात मोजून दिली आहेत: कोळसा, वीज किंवा कच्च्या मालाची टंचाई, तयार मालाचा साठा पडून राहणं, यंत्र बिघडणं, नैसर्गिक आपत्ती आणि यांच्याशी जोडलेली इतर कारणं. ‘ऑर्डरी कमी झाल्या’ हे कारण या यादीत जसंच्या तसं नाही, माल गोदामात साचला असेल तर आहे. मुख्य म्हणजे ले-ऑफ फुकट नसतो. हंगामी नसलेल्या आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला बेसिक आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. बदली आणि कॅज्युअल कामगार यातून वगळलेले आहेत. ३०० किंवा जास्त कामगार असतील, तर काही अपवाद सोडता सरकारची आधी परवानगी लागते. ती न घेता दिलेला ले-ऑफ बेकायदा ठरतो.

हे आकड्यांत पाहू. समजा चाकणच्या एका कारखान्यात १४० कामगार आहेत. त्यातल्या एकाची आठ वर्षं नोकरी झाली आहे. एकूण पगार ३०,००० रुपये, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २०,०००. कंपनी म्हणते, सहा महिने २५ टक्के कपात घ्या, नाहीतर दोन महिने बिनपगारी रजेवर जा.

कपातीत महिन्याला ७,५०० जातात, सहा महिन्यांत ४५,०००. बिनपगारी रजेत सरळ ६०,००० जातात. एवढ्यावर पाहिलं तर कपात स्वस्त वाटते आणि बहुतेक जण तिच्यावर सही करतात. पण तेच दोन महिने ले-ऑफ म्हणून नोंदले गेले, तर बेसिक आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम, महिन्याला १०,००० प्रमाणे २०,००० भरपाई मिळते आणि नुकसान ४०,००० वर येतं. कामगाराला दिलेल्या दोन कागदांत हा तिसरा आकडा नसतोच.

कपातीत आणखी एक भाग लपलेला आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर निघते: वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि त्याला वर्षांनी गुणायचं. २०,००० वर आठ वर्षांचे सुमारे ९२,३०० होतात. बेसिक आणि महागाई भत्ताही २५ टक्क्यांनी उतरून १५,००० वर आला आणि त्याच काळात नोकरी सुटली, तर सुमारे ६९,२०० मिळतात. म्हणजे २३,००० चा फरक. मंदीच्या काळात नोकरी सुटण्याची शक्यताही जास्तच असते. म्हणून कपात स्वीकारायचीच असेल, तर बेसिक आणि महागाई भत्त्याला हात लावायचा नाही, कपातीचा शेवटचा महिना लिहायचा आणि नंतर पगार आपोआप पूर्ववत होईल हे वाक्य घालायचं. ‘परिस्थिती सुधारेपर्यंत’ हे शब्द कागदात असतील तर खोडून मागा.

बिनपगारी रजेच्या अर्जाची गोष्ट मात्र वेगळी. त्यावर ‘मी स्वेच्छेने’ असं छापलेलं असतं. सही केली की मालकाने काम दिलं नाही ही बाब पुसली जाते, तुम्हीच सुट्टी मागितलेली दिसते आणि भरपाईचा हक्क जातो. वर्षभराची सलग सेवा ठरवायला जे २४० दिवस मोजतात, त्यांत ले-ऑफचे दिवस धरले जातात. स्वेच्छेच्या बिनपगारी रजेचे दिवस त्या मोजणीत येत नाहीत. नव्या माणसाला हे फार जड जातं. त्या अर्जावर कुणी सही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ‘मी कामावर हजर आहे, काम द्या’ असं लेखी कळवा आणि पोच घ्या.

ले-ऑफ निवडणाऱ्यालाही पाळायच्या गोष्टी आहेत. ठरलेल्या वेळी रोज कारखान्यात हजेरी द्यावी लागते. गावाला निघून गेलात, तर त्या दिवसांची भरपाई बुडते. वर्षात ४५ दिवसांपुढे भरपाई मिळणार नाही असा करार झाला असेल, तर ती तिथे थांबते. असा करार नसेल तर नव्याने करून देऊ नका.

कारखाना नाही, ऑफिस आहे, मग काय? इथे फायरस्टोन टायर कंपनीच्या दिल्ली कचेरीतल्या कामगारांचा खटला उपयोगी पडतो. मुंबईच्या कारखान्यात संप झाला, टायर येईनात, म्हणून दिल्लीच्या कामगारांना ले-ऑफ दिला. कचेरी कारखाना नसल्यामुळे निम्म्या भरपाईचं कलम तिला लागू नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलं की करारात किंवा स्थायी आदेशांत अधिकार दिलेला नसेल, तर मालकाला ले-ऑफ देऊन पगार बुडवण्याचा मुळातच अधिकार नाही. म्हणून ऑफिसात काम करणाऱ्याने आधी नेमणूकपत्र काढून त्यात असं कलम आहे का ते शोधावं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा एप्रिल २०२० चा आदेश अनेक जण पुढे करतात. तो कोविडच्या लॉकडाउनमधल्या पगाराबद्दल होता. साध्या मंदीत त्यावर विसंबू नका.

मॅनेजर किंवा १८,००० च्या वर पगार घेणारा सुपरवायझर या संहितेत ‘कामगार’ नाही. त्याला २१ दिवसांची नोटीस नाही आणि ले-ऑफची भरपाईही नाही. त्याचा आधार म्हणजे करार, आणि करार एकट्याने बदलता येत नाही. पण कंपनी नोटीस पगार देऊन नोकरी संपवू शकते, हा धाक खरा आहे. त्यामुळे त्याला बहुतेक वेळा मुदतीची कपात हाच कमी नुकसानीचा पर्याय उरतो. पटत नसेल, तर पहिला कमी पगार खात्यात पडताच ‘ही रक्कम मी हरकत ठेवून घेतो आहे’ असा ई-मेल पाठवावा. चार महिने गप्प राहून कमी पगार घेतला, तर त्या गप्प राहण्यालाच संमती मानण्याचा युक्तिवाद कंपनी करते.