क्रिएटिन की खुराक: पालकसभेत जे बोललो ते

गेल्या पालकसभेत माझ्यासाठी ठेवलेला वेळ पंधरा मिनिटांचा होता आणि प्रश्न मात्र एकच आला, तोही सात-आठ पालकांकडून वेगवेगळ्या शब्दांत: मुलाला क्रिएटिनची पावडर सुरू करावी की दूध-अंड्यांचा खुराकच वाढवावा? आपल्या शाळेत कुस्ती आणि धावण्याच्या शर्यती हे दोनच खेळ गांभीर्याने खेळले जातात, त्यामुळे त्या दोन खेळांतील चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांपुरतेच मी बोललो. सभेला येऊ न शकलेल्या पालकांसाठी तेच येथे थोडे सविस्तर लिहीत आहे. दोन्ही वाटांचा अनुभव मला आहे, कारण क्रिएटिन मी स्वतः घेतलेले आहे आणि माझ्या मुलाच्या बाबतीत हा निर्णय मला घरातही घ्यावा लागला.

क्रिएटिन हे स्टेरॉइड नाही आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतही नाही, एवढे प्रारंभीच सांगतो. आपले यकृत आणि मूत्रपिंड ते रोज थोडे तयार करतात, काही मांस-मासळीतून मिळते आणि त्यातील बहुतेक साठा स्नायूंमध्ये राहतो. पहिल्या काही सेकंदांच्या जोरदार हालचालीला लागणारी ऊर्जा या साठ्यातून झटपट भरून निघते, म्हणून त्याचा उपयोग होतो तो पुन्हा पुन्हा घ्याव्या लागणाऱ्या छोट्या धावांना, पटाला आणि वजन उचलण्याला. पंधराशे मीटर धावणाऱ्या मुलाला त्यातून विशेष काही मिळेल असे मला वाटत नाही. त्या पालकांनी हा लेख येथेच सोडला तरी चालेल.

मी ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी, प्रौढांच्या स्पर्धेसाठी, रोज तीन ग्रॅम या प्रमाणात घेतले. साठ मीटरच्या सहा धावा मारताना पूर्वी चौथीनंतर पाय जड होत असत. महिन्याभराने पाचवी आणि सहावी धावही पहिल्यासारखी निघू लागली. हे घड्याळाने मोजलेले नाही, पण रोज त्याच मैदानावर धावणाऱ्याला तेवढे कळते. मी शाकाहारी आहे, आणि शाकाहारी माणसाच्या स्नायूंतील साठा मुळात कमी असल्याने त्याला फरक अधिक जाणवतो, हेही त्यामागे असावे.

पैशाच्या हिशेबातही क्रिएटिनच स्वस्त पडते, हे मान्य केले पाहिजे. अडीचशे ग्रॅमचा साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटचा डबा रोज तीन ग्रॅमने ऐंशीपेक्षा अधिक दिवस पुरतो, तर तेवढ्या दिवसांच्या दुधा-अंड्यांचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो. शिवाय खुराकातून तेवढे क्रिएटिन मिळतही नाही. एक किलो कच्च्या मटणात ते साधारण चार ते पाच ग्रॅम असते, म्हणजे तीन ग्रॅमसाठी मुलाला रोज अर्ध्या किलोहून अधिक मटण खावे लागेल, आणि दुधात तर ते नगण्यच असते.

तरीही माझ्या मुलाच्या बाबतीत मी डबा बंद केला. त्याचे कारण मूत्रपिंडाची भीती नव्हे, तर वजनाचा काटा.

तो तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि ५५ किलो गटात कुस्ती खेळत होता. तालमीतल्या एका थोरल्या पोराने त्याला 'लोडिंग' शिकवले, म्हणजे पहिले सहा दिवस रोज वीस ग्रॅम, चार वेळा विभागून. अर्धा डबा आठवड्यात संपला आणि वजन ५३.९ वरून ५५.३ वर गेले. ही चरबी नव्हे की मांसही नव्हे. क्रिएटिनबरोबर स्नायूंमध्ये पाणी शिरते आणि एक-दोन किलो वजन असे वाढणे हे नेहमीचेच आहे. स्पर्धा नऊ दिवसांवर होती. मला कळल्यावर मी क्रिएटिन थांबवले, पण भरलेला साठा ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे काटा हलेना. शेवटी त्याने आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद केले, पहाटे दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारल्या आणि ५४.९ वर वजन दिले. पहिल्या कुस्तीच्या दुसऱ्या फेरीत पोटरीला गोळा आला आणि पोरगा चितपट झाला. पाण्याने भरलेले वजन उतरवण्यासाठी पोराला तहानलेले ठेवायचे, हा उलटा व्यवहार मला तेव्हापासून सहन होत नाही.

लोडिंगची गरज नव्हतीच, हे येथे नमूद करतो. रोज तीन ग्रॅम घेतले तरी तीन-चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो. पण सोळा वर्षांच्या मुलाला चार आठवडे थांबायला सांगून पाहा! डब्यातला चमचा शिगोशीग भरायचा की सपाट, हेही तो मित्राला विचारूनच ठरवतो.

त्यानंतर मी त्याचा आहार एका कागदावर लिहून काढला, तेव्हा खरी उणीव दिसली. पहाटे चहा-बिस्किटावर तालीम, शाळेत दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री आमटी-भात. प्रथिनांची बेरीज पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरली, आणि एवढी मेहनत करणाऱ्या ५५ किलोच्या मुलाला ऐंशीच्या जवळपास हवीत. मग अर्धा लिटर दूध, तीन अंडी आणि मूठभर शेंगदाणे वाढवले. मी स्वतः अंडी खात नसलो तरी ती पोराला उकडून देतो. त्यातून चाळीसेक ग्रॅमची भर पडली. त्याचे वजन पुढच्या पाच महिन्यांत दोन किलोंनी वाढले, पण ते हळूहळू वाढल्यामुळे पुढचा गट कधी धरायचा हे वस्तादांना आधीच ठरवता आले.

अठरा वर्षांखालील मुलांना क्रिएटिन देऊ नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना देते. क्रीडापोषणाचे काही अभ्यासक मात्र वयात आलेल्या, नीट जेवणाऱ्या आणि देखरेखीखाली सराव करणाऱ्या मुलाला ते चालू शकते असे म्हणतात. निरोगी प्रौढांमध्ये तीन ते पाच ग्रॅमने अपाय दिसलेला नाही, पण वाढत्या मुलांवरचे दीर्घकाळाचे अभ्यास थोडे आहेत. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, कारण 'नीट जेवणारा' ही अट आपली फारच थोडी मुले पूर्ण करतात.

ज्यांनी द्यायचेच ठरवले असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून, लोडिंग न करता, स्पर्धांचा हंगाम संपल्यावर सुरू करावे. डब्यावर क्रिएटिन मोनोहायड्रेट हा एकच घटक असावा. 'प्री-वर्कआउट' नावाच्या रंगीत मिश्रणांत कॅफीन आणि इतर बरेच काही असते, ती आणूच नयेत. डब्यावरचा एफएसएसएआयचा क्रमांक हा परवान्याचा असतो, उत्तेजक चाचणीचा नव्हे. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखे खेळाडूंसाठी तपासणी झाल्याचे चिन्ह आणि बॅच क्रमांक पाहावा, कारण भेसळीतून बंदी असलेला पदार्थ पोटात गेला तरी जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. रक्ततपासणी करायची असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी रक्तात मोजले जाणारे क्रिएटिनिन क्रिएटिन घेणाऱ्याच्या बाबतीत थोडे वाढलेले दिसू शकते आणि घरात नाहक घबराट होते.

सभेच्या शेवटी एका आईने विचारले, 'सर, मग तुमचा मुलगा आता घेतो का?' तो आता एकोणीस वर्षांचा आहे आणि गेल्या दिवाळीनंतर त्याने रोज तीन ग्रॅम सुरू केले आहे, दुधाच्या पेल्यात ढवळून. दूध मात्र अर्धा लिटरच आहे, ते मी कमी करू दिलेले नाही.