म्युच्युअल फंडाच्या स्टेटमेंटमधला गुणाकार: काही महिन्यांच्या पडताळणीचा अनुभव

सोलापूरच्या चाटी गल्लीत आमच्या थोरल्या बंधूंचे कापडाचे दुकान आहे. त्यांच्या आणि माझ्या गुंतवणुकीचे एकत्रित स्टेटमेंट, ज्याला सगळे ‘कॅस’ म्हणतात, ते गेले काही महिने मी ओळीओळीने पडताळतो आहे. प्रत्येक योजनेखाली शिल्लक युनिट, एनएव्ही म्हणजे एका युनिटचा भाव व तिची तारीख आणि त्या दिवशीचे मूल्य दिलेले असते. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्याशी जुळायला हवा. एक्सेलमध्ये B2 मध्ये युनिट आणि C2 मध्ये एनएव्ही लिहिली, की त्यासाठी एवढे सूत्र पुरते:

```
=ROUND(B2*C2,2)
```

युनिट तीन दशांश स्थळांपर्यंत आणि एनएव्ही चार स्थळांपर्यंत, छापलेली आहे तशीच घ्यावी. उदाहरणार्थ, 1843.276 युनिट आणि 62.4815 एनएव्ही असेल, तर मूल्य 1,15,170.65 रुपये येते. मोबाइलवर दिसणारी 62.48 ही दोनच स्थळांची एनएव्ही धरली, तर 1,15,167.88 येतात आणि 2.77 रुपयांचा फरक उगाच चिंता लावतो. चारही स्थळे घेऊनसुद्धा फरक काही रुपयांचा राहिला, तर मी आधी एनएव्हीची तारीख पाहतो आणि त्या तारखेची एनएव्ही ‘अ‍ॅम्फी’ या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरून ताडून घेतो. परदेशी फंडांत पैसे गुंतवणाऱ्या योजनांची एनएव्ही उशिरा जाहीर होत असल्याने, एकाच पानावर दोन वेगळ्या तारखा दिसू शकतात.

खरेदीच्या ओळीत मात्र पैशापर्यंत जुळणीचा आग्रह धरू नये. 1 जुलै 2020 पासून खरेदीवर 0.005 टक्के मुद्रांक शुल्क आहे, त्यामुळे 5,000 रुपयांच्या हप्त्यातून 25 पैसे वजा होऊन 4,999.75 रुपयेच गुंतवले जातात. एनएव्ही 61.9372 असेल, तर त्याचे 80.723 युनिट होतात आणि उलटा गुणाकार केल्यास 4,999.76 येतात. हा एक पैसा युनिट तिसऱ्या स्थळावर पूर्णांकित केल्यामुळे येतो, आणि या एनएव्हीला तो फरक तीन-साडेतीन पैशांपलीकडे जाऊ नये. शुल्क न वजा करता पूर्ण 5,000 भागले, तर मात्र 80.727 युनिट येतात आणि आपल्याला युनिट कमी मिळाले असा समज होतो.

माझ्या मते या पडताळणीची खरी मर्यादा वेगळीच आहे. गुणाकार जुळला म्हणजे युनिटची संख्या बरोबर आहे, असे सिद्ध होत नाही. म्हणून मागच्या स्टेटमेंटची शिल्लक घेऊन तिच्यात या महिन्याची खरेदी मिळवतो, विक्री वजा करतो आणि नव्या शिलकेशी ताडतो. मग हप्ते बँकेच्या पासबुकाशी लावतो. पैसे फंडाकडे जमा झाल्याच्या दिवसाची एनएव्ही लागू होत असल्याने, बंधूंच्या खात्यातून महिनाअखेरीस गेलेला हप्ता कधीकधी पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये उमटतो, आणि त्या आधीच्या स्टेटमेंटमधला गुणाकार तरीही बिनचूक जुळलेलाच असतो.