माहीत असलेला ब्लर काढताना: नुसता भागाकार, उंबरठा, स्थिर K की उताराचा दंड?

ब्लर कसा झाला हे नक्की माहीत असेल, तर कागदावर काम सोपं दिसतं. फोटोचं फूरिये रूप `G`, ब्लरचं `H`. `G/H` केलं की मूळ चित्र हाती. पण मूळ चित्र `F` आणि नॉइज `N` धरला, तर प्रत्यक्षात `G = H·F + N` असतं, म्हणून भागल्यावर `F + N/H` मिळतं. सगळा त्रास त्या शेवटच्या तुकड्यात आहे.

उदाहरण एकच घेऊ. ५१२ × ५१२ पिक्सेलांचा फोटो, कॅमेरा आडवा एकसारख्या वेगाने हलल्याने ९ पिक्सेलांचा ब्लर. या ब्लरचा `H` फक्त आडव्या वारंवारतेवर अवलंबून असतो आणि तो ५७, ११४, १७१, २२८ यांच्याजवळ शून्याला टेकतो. ५१२ ला ९ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे अगदी शून्य होत नाही. ५७ व्या वारंवारतेला `|H|` साधारण ०.००२ भरतो, म्हणजे तिथला नॉइज भागाकारात ५०० पट होतो. ब्लर ८ पिक्सेलांचा असता तर ६४ व्या वारंवारतेला थेट शून्याने भागावं लागलं असतं.

सगळ्या वारंवारता मिळून हिशोब केला, तर नॉइजचं प्रमाण विचलन सुमारे ६० पटींनी वाढतं. सेन्सरचा नॉइज बाजूला ठेवला, तरी आठ बिटांत साठवताना होणाऱ्या पूर्णांकनाचा नॉइज ०.२९ पातळीचा असतोच. भागाकारानंतर तो १८ पातळ्यांच्या आसपास जातो आणि फोटोवर पट्ट्यांची जाळी दिसू लागते. सेन्सरचा नॉइज २ पातळ्यांचा असेल, तर तो १२० च्या वर जातो; मग चित्र उरतच नाही. शिकवताना दाखवलं जाणारं प्रात्यक्षिक इथेच फसवतं. तिथे ब्लर संगणकातच, दशांशांत केलेला असतो आणि लगेच भागलं जातं. तिथला नॉइज इतका नगण्य असतो की ५०० पट होऊनही दिसत नाही. मधे एकदा `np.round` टाकून पाहा.

तेव्हा नुसता भागाकार शर्यतीतून बाद. उरतात तीन पर्याय.

पहिला, उंबरठा: `|H|` ०.१ पेक्षा कमी असेल तिथे शून्य ठेवायचं, बाकी ठिकाणी भागायचं. दोन ओळींचं काम आहे आणि गाउसियन ब्लरसाठी ते बऱ्यापैकी चालूनही जातं, कारण तिथे `H` एकदाच उतरतो. आपल्या उदाहरणात मात्र १७१ च्या पुढे `|H|` कुठेच ०.१२ ओलांडत नाही. म्हणजे उंबरठा ०.१० असताना वरच्या भागातल्या काही चिंचोळ्या पट्ट्या शिल्लक राहतात आणि ०.१२ केला की तो पूर्ण भाग एका झटक्यात जातो. शिवाय प्रत्येक कापाची धार तीव्र असते, त्यामुळे चित्रातल्या कडांभोवती लहरी उठतात. मला तरी हा पर्याय झटपट तपासणीपुरताच ठीक वाटतो.

दुसरा, स्थिर K चा वीनर: `conj(H)·G / (|H|² + K)`. K म्हणजे नॉइज आणि चित्र यांच्या शक्तींचं गुणोत्तर. नॉइज २ पातळ्यांचा आणि चित्राचं विचलन ५० असेल, तर K = ४/२५०० = ०.००१६. आता कुठल्याही वारंवारतेची वाढ `1/(2√K)` च्या, म्हणजे १२.५ पटींच्या वर जाऊच शकत नाही आणि ५७ व्या वारंवारतेला ५०० पटींऐवजी सव्वापट उरते. रेग्युलरायझेशन म्हणतात ते हेच: जिथे `H` ने माहिती जवळजवळ पुसली आहे, तिथे मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही. ही पद्धत वाईट अजिबात नाही आणि K ला अर्थ असल्याने सुरुवातीचा आकडा कुठून आणायचा हा प्रश्नही पडत नाही.

माझं मत फिरलं ते एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीमुळे. शून्य वारंवारतेला, म्हणजे सरासरी उजेडाच्या जागी, `H` = १ असतो. स्थिर K तिथेही बसतो आणि सगळं चित्र `1/(1+K)` ने मंद करतो. K ०.००१६ असताना २०० चे १९९.७ होतात; कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण फोटो खराब असेल आणि K वाढवत ०.०४ वर गेलात, तर २०० चे १९२ होतात. वेगवेगळ्या K ची चित्रं शेजारी ठेवून निवडायला बसलं, की डोळा नॉइज पाहतोय की उजेड, हेच कळेनासं होतं. कमी K चं चित्र उजळ असल्याने ते उगाचच जास्त स्वच्छ वाटतं. शेवटी `(1+K)` ने गुणून हे भरून काढता येतं, पण त्याने लक्षण जातं, कारण तसंच राहतं. स्थिर K म्हणतो की चित्राची शक्ती सगळ्या वारंवारतांना सारखीच आहे. साध्या फोटोत ती वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जाते. सरासरी उजेड ही फोटोतली सर्वांत भरवशाची माहिती, आणि तिच्यावरही तितकाच संशय!

तिसऱ्या पर्यायात K च्या जागी शेजारच्या पिक्सेलांमधल्या फरकाचा, म्हणजे उताराचा, दंड येतो:

```python
k = np.arange(512)
s = 4*np.sin(np.pi*k/512)**2
P2 = s[:, None] + s[None, :]
F = np.conj(H)*G / (np.abs(H)**2 + gamma*P2)
```

शून्य वारंवारतेला `P2` शून्य, म्हणून `gamma` कितीही बदला, उजेड हलत नाही. `P2` वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे फोटोची शक्ती जशी घटते तसा संशय वाढतो. ०.००१६ हाच आकडा `gamma` म्हणून ठेवला, तर (उभी वारंवारता शून्य धरून) ५७ ला वाढ सुमारे अडीचपट राहते आणि २२८ ला निम्म्याहून कमी. सपाट भागातली वाळूसारखी खर माझ्या पाहण्यात यात कमी दिसते. तिखट बारकावे किंचित मऊ होतात, हे मान्य.

`skimage.restoration.wiener` मध्ये नाव वीनरचं असलं, तरी आपण वेगळं काही दिलं नाही तर आत लाप्लासियनचा दंड असतो. तो वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे वरच्या टोकाला आणखी कडक. MATLAB च्या `deconvwnr` मध्ये मात्र नॉइज आणि चित्र यांच्या शक्तींचं गुणोत्तर दिलं जातं. एकाचा आकडा दुसऱ्यात जसाच्या तसा टाकू नका.

`gamma` ठरवायला अंदाजापेक्षा एक बरी रीत आहे. आकाश किंवा भिंत यांसारख्या सपाट तुकड्यावरून नॉइजचं विचलन मोजा. मग मिळालेल्या चित्राला पुन्हा तोच ब्लर देऊन मूळ फोटोतून वजा करा. उरलेल्याचं विचलन मोजलेल्या नॉइजपेक्षा लहान आलं, तर तुम्ही नॉइजलाच चित्र समजताय, `gamma` वाढवा. उरलेल्यात वस्तूंच्या कडा ओळखू येत असतील, तर तो कमी करा.

दोन गोष्टी मात्र कुठलाच दंड सुधारत नाही. फोटोची डावी-उजवी कड जुळत नसेल, तर तिथून लहरी आत शिरतात; त्यासाठी आधी कडा आरशासारख्या वाढवून घ्याव्या लागतात. आणि ब्लरची लांबी ९ ऐवजी १० धरली, तर शून्यं ५७ वरून ५१ वर सरकतात आणि प्रत्येक कडेशेजारी भुतासारखी दुसरी कड दिसते. अशी जोडकड दिसली, तर `gamma` शी खेळत बसू नका, `H` तपासा.

ताऱ्यांच्या फोटोसाठी मी स्थिर K च सुचवेन. ठिपक्यांची शक्ती सगळ्या वारंवारतांवर जवळजवळ सारखी पसरलेली असते, तिथे उताराचा दंड ताऱ्यालाच फुगवतो. माणसं, पाट्या, इमारती असतील तर माझा कल तिसऱ्याकडे.